थकले आहे, असू दे

आदरणीय ताई,

मी परिचारिका आहे आणि महिन्यातले बरेच दिवस रात्रपाळी करते. पहाटे चारच्या फेरीआधी म्हणता यावी म्हणून मी एक लहान प्रार्थना लिहिली. 'थकवा मजला शिवत नाही, मी ज्योत अखंड जळणारी' अशी तिची सुरुवात आहे. दिवसा वाचली की ती चांगली वाटते. पण पहाटे म्हणायला गेले की पहिल्याच ओळीला घसा दाटतो, कारण मी खोटे बोलते आहे हे मला कळत असते. दुसरीकडे, थकवा कबूल केला तर उरलेसुरले बळही जाईल अशी भीती वाटते. बळ देणारी आणि तरीही खरी प्रार्थना कशी लिहावी? माझा भाऊ कारखान्यात प्रेस मशीनवर तिसऱ्या पाळीत असतो. त्यालाही ती म्हणता आली तर बरे होईल.

— रात्रपाळीची एक परिचारिका

प्रिय भगिनी,

तुमचा घसा दाटतो तो बरोबर ठिकाणी दाटतो. त्या ओळीत दोष आहे आणि तो तुमच्या मनाआधी तुमच्या शरीराला कळलेला आहे. मी स्वतः अनेक वर्षे रात्रपाळी केली आहे, त्यामुळे कवितेकडे वळण्याआधी पहाटेच्या चार वाजण्याविषयी थोडे बोलते. कारण ती वेळ नीट समजली नाही तर तिच्यासाठी लिहिलेले शब्दही चुकतात.

जागेपणी आपल्यावर झोपेचा भार तासातासाने साठत जातो. दिवसा शरीरातले घड्याळ त्या भाराच्या विरुद्ध बाजूने जोर लावते आणि आपल्याला सावरून धरते. पहाटे तीन ते पाचच्या सुमारास मात्र हेच घड्याळ झोपेच्या बाजूला जाते, म्हणजे साठलेला भार आणि घड्याळ दोन्ही एकाच दिशेने ओढू लागतात. याच वेळी शरीराचे तापमान संध्याकाळच्या मानाने अर्ध्या ते एक अंश सेल्सिअसने उतरलेले असते, म्हणून वॉर्डात हवा तीच असूनही चार वाजता अंगात थंडी भरते. 1997 साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात असे दिसले, की सलग 17 तास जागे राहिलेल्या माणसांचा हात आणि डोळे यांचा मेळ रक्तात 0.05 टक्के मद्यांश असताना जितका बिघडतो तितका बिघडलेला होता. पाळीच्या पहिल्या दिवशी तुम्ही सकाळी सातला उठला असाल आणि दुपारी झोप मिळाली नसेल, तर चारच्या फेरीला तुम्हाला जागे होऊन 21 तास झालेले असतात. अशा वेळी 'थकवा मजला शिवत नाही' हे वाक्य खोटे तर आहेच, शिवाय ते धोक्याचेही आहे. कारण आपण किती थकलो आहोत याचा अंदाजही थकलेल्या माणसाला नीट येत नाही, आणि तुमची प्रार्थना तो उरलेला अंदाजही पुसून टाकायला सांगते.

याची मला आलेली प्रचिती सांगते. एका वॉर्डात माझ्याकडे शेजारशेजारच्या दोन खाटांवर एकाच आडनावाच्या दोन स्त्रिया होत्या. चार वाजून गेले होते, हातात भरलेली सिरिंज होती आणि मी कागदावरचे आडनाव वाचून पुढे झाले होते. अंगात बळ यावे म्हणून मनाशी असेच काहीतरी तेजस्वी म्हणत होते. सुदैवाने त्या बाई जाग्या होत्या. त्यांनी दंड पुढे केला आणि सहज विचारले, "हे माझंच आहे ना?" मी मनगटावरची पट्टी पाहिली. ते औषध त्यांचे नव्हते. त्या रात्री मला कळले, की बळ मागताना मी चुकीच्या गोष्टीसाठी मागत होते. थकवा नाहीसा व्हावा असे मी मागत होते. खरे तर थकलेल्या हातून काम नीट व्हावे, असे मागायला हवे होते.

तुमच्या कवितेची सगळी दुरुस्ती या एका बदलात आहे. प्रार्थनेने थकवा पहिल्याच चरणात सांगून टाकावा, तक्रारीच्या सुरात नव्हे, तर चार्टवर नाडीचा आकडा लिहावा तशा सुरात. आणि मग जे मागायचे ते इतके लहान मागावे, की पुढच्या तासाभरात ते मिळू शकेल. थकवा कबूल केल्याने बळ जात नाही. तो लपवण्यात जे बळ खर्च होत असते, ते उलट परत हाती येते. उभे राहण्याचे आणि थकलेले न दिसण्याचे अशी दोन कामे तुम्ही एका वेळी करत होता. त्यांपैकी दुसरे काम प्रार्थनेने उतरवून घ्यावे.

ज्योतीची प्रतिमाही मी काढून टाकीन. परिचारिकेला ज्योत म्हणणारे लोक प्रेमानेच म्हणतात, आणि सत्काराच्या भाषणात ते शोभते. पण ज्योत जळते तेव्हा काहीतरी संपत असते, आणि स्वतःच्या तोंडाने स्वतःला रोज पहाटे 'जळत राहा' असे सांगणे ही प्रार्थना नव्हे. शिवाय ज्योतीला पाठ नसते, पोटऱ्या नसतात, डोळ्यांवर पेंग येत नाही. तुमच्या पहाटेतली एकही खरी गोष्ट त्या प्रतिमेत मावत नाही. प्रार्थनेत जितके शरीर येईल तितकी ती तुमची होईल, म्हणून मी पाय, पाठ, डोळे आणि हात एवढ्यांनाच आत घेतले आहे.

आता शब्दांकडे येऊ. आपल्या भाषेने या कामासाठी एक फार चांगले रूप तयार ठेवले आहे, ते म्हणजे 'असू दे'. एखादी गोष्ट बदलता येत नसेल आणि तिच्याशी भांडण्यात अर्थ नसेल, तेव्हा आपण 'असू दे' म्हणतो. आणि देवाजवळ काही मागतानाही 'असू दे' असेच म्हणतो. म्हणजे एकाच रूपात परवानगीही आहे आणि मागणेही. 'थकले आहे, असू दे' असे म्हटल्यावर ही परवानगी कोण कोणाला देते आहे ते उघड होत नाही. तुम्ही स्वतःला देत असाल, किंवा ज्याच्याशी बोलत आहात तो तुम्हाला देत असेल. ते मी मुद्दाम उघडे ठेवले आहे. त्याच कारणाने 'तू' कोण हेही कवितेत कुठे सांगितलेले नाही. तुमच्या शेजारी हात धुणारी सहकारी दुसऱ्या कोणाला स्मरत असेल किंवा कोणालाच स्मरत नसेल, तरी तिला हे शब्द म्हणता यावेत.

छंदासाठी मी लहान अभंगाचा साचा घेतला: आठ अक्षरांचे दोन चरण आणि शेवटी यमक. अक्षरे मोजताना ऱ्हस्व-दीर्घ पाहायचे नाही आणि जोडाक्षर एकच धरायचे, म्हणजे 'डोळ्यांवर' या शब्दाची अक्षरे चार. मुक्तछंदात तुम्हाला कदाचित अधिक मोकळे लिहिता आले असते, पण पहाटे चार वाजता स्मरणशक्तीवर विसंबता येत नाही. तिथे मोजलेला चरण स्वतःच पुढच्या शब्दाकडे नेतो, आणि एखादा शब्द गळला तर कानाला लगेच खड्डा लागतो. आठ अक्षरे एका सावकाश उच्छ्वासात बसतात, हाही एक लाभ आहे.

लांबी ठरवायला मी तुमच्याच कामातले माप वापरले. साबणपाण्याने हात धुण्याची पूर्ण रीत 40 ते 60 सेकंदांची असते आणि हातांना निर्जंतुक द्रव चोळण्याची 20 ते 30 सेकंदांची. दोन चरणांचे एक कडवे, दोन्ही चरणांनंतर श्वास घेत, सुमारे आठ सेकंदांत होते. म्हणजे पाच कडव्यांना हात धुण्याइतका वेळ लागतो आणि पहिल्या तीन कडव्यांना द्रव चोळण्याइतका. प्रार्थनेसाठी वेगळा वेळ काढा असे तुम्हाला सांगणे म्हणजे तुमच्या अंगावर आणखी एक काम टाकणे. हात मात्र तुम्ही प्रत्येक रुग्णाआधी धुताच.

तर माझा मसुदा असा आहे:

थकले आहे, असू दे
हात थरथरू न दे

डोळे मिटती कितीदा
नाव वाचू दे दोनदा

पाय जड, पाठ दुखे
बोल न व्हावे पारखे

शंका जराशी वाटता
लाज नको विचारता

मागत नाही पहाट
दे पुढची एक खाट

पाळी संपता सकाळी
झोप उतरू दे डोळी

यातले एकेक कडवे तिथे का आले ते सांगते, म्हणजे तुम्हाला त्यात फेरफार करायचा असेल तर कुठला टाका उसवायचा नाही हे कळेल.

पहिल्या कडव्यात दोन्ही चरण 'दे'वरच संपतात. कडक यमकाच्या दृष्टीने ते कमी पडेल, पण मी ते तसेच राहू दिले, कारण पहिला 'दे' सोडून देणारा आहे आणि दुसरा धरून ठेवणारा. अंग थकलेले राहिले तरी चालेल, हात मात्र स्थिर हवा: ही वाटणी या दोन 'दे'मध्ये झाली आहे आणि पुढची सगळी कडवी याच वाटणीवर चालतात. प्रत्येक कडव्यात खरे तेवढे कबूल करायचे आणि त्याच्या शेजारी एकच मागणे ठेवायचे. दोन मागणी आली की चरण फुटतो, आणि मनही.

दुसरे कडवे माझ्या त्या चुकलेल्या रात्रीतून आले आहे. 'दोनदा' म्हणजे तेच नाव दोन वेळा डोळ्यांखालून घालणे नव्हे. एकदा औषधाच्या कागदावर आणि एकदा रुग्णाच्या मनगटपट्टीवर, असे दोनदा. त्या नावासोबत नोंदणी क्रमांकही जुळवायचा, हे तुम्हाला मी सांगण्याची गरज नाही. पण तो शब्द आठ अक्षरांत मावला नाही, म्हणून 'नाव' या शब्दात तो धरलेला आहे असे समजा. इन्सुलिन किंवा हेपॅरिनसारखे औषध असेल तर दुसरी नजर तुमची नसून सहकारी परिचारिकेची असली पाहिजे, आणि तिने तुमचे उत्तर न ऐकता स्वतंत्रपणे मात्रा मोजली पाहिजे. 'दोनदा' या शब्दात तेही बसते.

तिसऱ्या कडव्यातला 'पारखे' हा शब्द मी बराच वेळ शोधत होते. रात्रीच्या शेवटच्या प्रहरी आपल्या हातून औषध बहुधा वेळेवर जाते, पण आवाज कोरडा होतो. पाणी मागणाऱ्या माणसाला आपण 'आणते' असे म्हणतो आणि ते कुठूनतरी दुसरीकडून बोलल्यासारखे ऐकू येते. तो राग नसतो. आपले बोलणे आपल्याला परके झालेले असते. 'मन न व्हावे पारखे' असे मी आधी लिहिले होते आणि ते कानाला अधिक गोड होते. पण पहाटे चार वाजता मनाची हमी कोणी देऊ नये. बोलण्याची देता येते, कारण ते ऐकू येते आणि सुधारता येते.

चौथ्या कडव्याविषयी थोडे सविस्तर लिहिते, कारण प्रार्थनेत असे मागणे सहसा कोणी करत नाही. थकलेल्या माणसाला शंका येते तेव्हा ती फार हळू आवाजात येते: हा वेग बरोबर लावला का, ही नोंद याच रुग्णाची का. ती शंका दाबून टाकण्याचे कारण बहुतेक वेळा अज्ञान नसते, संकोच असतो. डॉक्टरांना झोपेतून उठवायचे कसे, शेजारच्या वॉर्डातल्या वरिष्ठ सिस्टरला तिसऱ्यांदा विचारायचे कसे. बळ म्हणजे एकटीने निभावून नेणे असे आपल्याला शिकवले गेले आहे आणि तुमच्या 'अखंड जळणारी'मध्ये तेच आले होते. रात्री विचारण्याचे धैर्य हेच बळ असते, म्हणून तेवढे मागून घ्यावे.

पाचव्या कडव्यावर ही कविता उभी आहे. पहाटेची वाट पाहणे हे रात्रपाळीतले सर्वांत थकवणारे काम आहे. घड्याळात चार वाजून दहा मिनिटे झालेली असतात आणि सकाळचे हँडओव्हर अजून तीन-चार तास दूर असते. तेवढ्या सगळ्या अंतराला पुरेल इतके बळ एकदम मागितले तर ते मिळाल्यासारखे कधीच वाटत नाही. पुढच्या एका खाटेपुरते मागितले तर ते दोन मिनिटांत मिळालेले असते, आणि मग त्याच्या पुढच्या खाटेसाठी पुन्हा मागता येते. वॉर्डात आपण 'बेड' म्हणतो हे मला माहीत आहे; पण 'पहाट'ला 'खाट' इतकी नेमकी भेटली, की मी तो शब्द ठेवला. फक्त एक लक्षात असू द्या, की इथे खाट अंतर मोजण्यासाठी आहे. रुग्णाची ओळख खाटेच्या क्रमांकावरून कधीच पटवायची नाही. ते काम दुसऱ्या कडव्याचे आहे.

तुमच्या भावासाठी पहिल्या चरणात 'थकलो' करावे लागेल; अक्षरसंख्या बदलत नाही. त्याच्या कामात नाव वाचायचे नसून हात जपायचा असतो, म्हणून दुसरे कडवे असे करता येईल:

डोळे मिटती कितीदा
हात पाहू दे दोनदा

म्हणजे प्रेस खाली येण्याआधी दोन्ही हात बटणांवर आहेत, सुरक्षा जाळी जागेवर आहे, हे पाहणे. आणि खाटेच्या जागी:

मोजत नाही मी रास
दे पुढचा एक तास

रात्रीच्या लक्ष्याचा आकडा गाठण्याची घाई पहाटे हाताला पुढे ढकलते, त्या घाईसाठी हे कडवे आहे. त्याला एक गोष्ट मात्र स्पष्ट सांगा: चालू मशीनपुढे प्रार्थना म्हणायची नाही, मनातल्या मनातही नाही. तुम्हाला हात धुताना ती म्हणता येते, कारण त्या वेळी हात दुसऱ्या कुणाच्या शरीरावर नसतात. त्याने ती मध्यंतरानंतर, मशीन सुरू करण्याआधी, दोन्ही हात रिकामे असताना म्हणावी. आणि सुरक्षा जाळी किंवा सेन्सर बंद करून काम वेगाने करण्याची सवय त्याच्या शॉपवर असेल, तर त्यावर कोणत्याही प्रार्थनेचा उतारा नाही. ती जाळी आधी परत लागली पाहिजे.

अशीच एक मर्यादा तुमच्याही बाजूला आहे. प्रार्थना झोपेची जागा घेऊ शकत नाही. तीच ओळ तीनदा वाचूनही डोक्यात शिरत नसेल, मान पुढे झुकून दचकून वर येत असेल, किंवा गेल्या पाच मिनिटांत आपण काय केले ते आठवत नसेल, नाडी मोजली पण लिहिली का ते सांगता येत नसेल, तर काही सेकंदांची झोप तुमच्या नकळत येऊन गेली आहे असे धरा. त्या वेळी कडवे म्हणून पुढच्या खाटेकडे जाऊ नका. सहकारी परिचारिकेला सांगा, धोक्याची औषधे तिच्या नजरेखाली द्या, आणि तुमच्याकडे परवानगी असेल तर 20 मिनिटे डोळे मिटा. उठल्यावर डोके जड असते, म्हणून काही मिनिटे जाऊ दिल्यावर मगच औषधाला हात लावा. चौथे कडवे खरे करण्याची तीच वेळ आहे. सकाळी घरी जाताना पेंग येत असेल तर गाडी स्वतः चालवू नका. आणि सुट्टीच्या दिवशीही कित्येक आठवडे झोप लागत नसेल, तर डॉक्टरांना दाखवा. आपण दुसऱ्यांना सांगतो तेच आहे हे.

कविता पाठ करायची ती दिवसा, झोप झालेली असताना करा. रोज एकच कडवे घ्या आणि ते हात धुतानाच म्हणा, म्हणजे शब्द पाण्याच्या स्पर्शाला बांधले जातील आणि रात्री नळ सोडला की आपोआप येतील. पहिले चार-पाच दिवस झाल्यावर एक पाहा: कोणता चरण तुम्ही पहाटे घाईने उरकता, किंवा गिळून टाकता. तो चरण तुमच्यासाठी खरा नाही, तो बदला. पाठ दुखत नसेल आणि घसा बसत असेल, तर तिथे घसा आणा. आठ अक्षरे मोजा आणि शेजारच्या मागण्याला हात लावू नका. मात्र दिवसा वाचून कोणताही चरण बदलू नका. दिवसा तुम्हाला मोठे शब्द आवडतील, आणि ते चारला तुमच्याजवळ नसतील.

सहावे कडवे पहाटे म्हणायचे नाही. झोपेचा उल्लेख त्या वेळी कानावर आला तर अंग लगेच तिकडे ओढले जाते, हे मी अनुभवाने सांगते. म्हणून चारला पाच कडव्यांवर थांबा. सहावे ठेवा सकाळसाठी. हँडओव्हर देऊन झाले, प्रत्येक रुग्णाची राहिलेली कामे पुढच्या सिस्टरच्या हाती गेली, चार्ट मिटला, की जाण्याआधी शेवटचे हात धुता तेव्हा ते म्हणा, आणि घरी जाऊन पडदे ओढून घ्या.

तुमची,
ताई